बाल्कनीची वरची सळई खाली दाबण्याची सोपी पद्धत

बाल्कनी टिकावी असं वाटणाऱ्यांसाठी पुस्तकं पुष्कळ आहेत. ती पाडायची कशी, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. सगळं तोंडी ज्ञान, मिस्त्रीकडून मिस्त्रीकडे चालत आलेलं. परवा एका स्लॅबवर हे ज्ञान एकाच दुपारी अथपासून इतिपर्यंत बघायला मिळालं. म्हटलं, लिहून ठेवू या. तुम्हालाही घर बांधायचं असेलच.

सुरुवात समजुतीपासून करा. स्लॅबचं मुख्य लोखंड खाली असतं हे आपल्याला पक्कं माहीत आहे, तर बाल्कनीलाही तेच लावा. आतला स्लॅब दोन्हीकडे टेकलेला असतो, मध्ये वाकतो, म्हणून त्याचा तळ ताणला जातो. बाल्कनी आणि छज्जा एकाच बाजूला धरलेले असतात आणि दुसरं टोक हवेत असतं. टोक खाली जाऊ पाहतं, म्हणून ताण वरच्या अंगाला येतो आणि सर्वांत जास्त ताण बीमच्या तोंडाशी. काँक्रीट दाब झकास सोसतं, ताण नाही. म्हणून मुख्य सळई वर, तीही वरच्या पृष्ठभागापासून जेमतेम २० मिमी आत. पण एवढ्या खोलात कशाला शिरायचं? सळई आत आहे ना, मग झालं. वर असो की खाली, लोखंड ते लोखंडच.

ड्रॉइंगवर सळई बीमच्या पलीकडे आतल्या स्लॅबमध्ये लांब गेलेली दिसेल, ती कापा. भंगारात चांगला भाव येतो.

आता खुर्च्या. वरची जाळी उचलून धरायला सळईच्याच तुकड्याच्या वाकवलेल्या खुर्च्या लागतात, असं इंजिनियर म्हणेल. त्याचं ऐकू नका. १२५ मिमी जाडीची बाल्कनी घ्या. वर २० मिमी कव्हर, त्याखाली १० मिमीची मुख्य सळई, तिच्या खाली ८ मिमीची आडवी सळई. म्हणजे खुर्चीचा माथा सेंट्रिंगच्या फळीपासून ८७ मिमीवर यायला हवा. पायाखाली २० मिमीचा कव्हर ब्लॉक ठेवला तर खुर्ची ६७ मिमी उंचीची. बीमच्या तोंडापासून वीतभर अंतरात पहिली रांग, मग साधारण दर अर्ध्या मीटरला पुढची. तीन मीटर लांब आणि १.२ मीटर बाहेर आलेल्या बाल्कनीला अशा दीड डझन खुर्च्या पुरतात. प्रत्येकीला अर्धा मीटर सळई धरली तरी सगळं मिळून साडेपाच-सहा किलो लोखंड. एवढा अफाट खर्च कशाला? त्यापेक्षा विटेचे तुकडे घाला, खडी घाला. ते पहिल्या घमेल्याबरोबर आडवे होतात, पण फोटो काढेपर्यंत जाळी वर दिसते. कव्हर ब्लॉकही घालायचेच असतील तर सगळे खालच्या जाळीखाली घाला आणि 'कव्हर दिलंय' म्हणून मोकळे व्हा.

यापुढचं काम पायांचं. वरची जाळी बांधून झाली की तिच्यावरून ये-जा सुरू करा. फिटर, प्लंबर, वायरिंगवाला, घमेली वाहणारी रांग, पंपाचा पाइप ओढणारे, आणि शेवटी चपला घालून पाहणीला आलेले मालक. १० मिमीच्या सळईवर माणूस उभा राहिला की ती दोन आधारांमध्ये वाकते, आणि आधारच नसतील तर थेट खाली बसते. चालायला स्वतंत्र पायांवरच्या फळ्या टाकतात, हे ऐकूनसुद्धा घेऊ नका. मालाचा सगळा ढीग बीमजवळ, एकाच जागी, उंचावरून ओता. जिथं सळई वर असणं सर्वांत गरजेचं, नेमकी तिथंच ती दबली पाहिजे. नुसत्या टोकाला दबली तर फारसं बिघडत नाही, मग मेहनत वाया.

आणि 'दोन बोटं खाली गेली तर काय होतंय' असं कुणी म्हणालं की मान डोलवा. हिशोब करायचा नाही. केलाच तर असा निघतो. वर सांगितलेल्या बाल्कनीला एम-२० काँक्रीट आणि १० मिमीच्या ५०० ग्रेडच्या सळया १५० मिमीवर. स्वतःचं वजन, लादी, माणसं आणि टोकावरचा मीटरभर उंचीचा अर्ध्या विटेचा कठडा मिळून बीमच्या तोंडाशी दर मीटर रुंदीला साधारण ७.७ किलोन्यूटन-मीटर वाकवण्याचा जोर येतो. त्यावर दीडपट सुरक्षा धरून ११.६ ची ताकद हवी. सळई जागेवर असेल तर ताकद १९ च्या पुढे मिळते, म्हणजे चैन आहे. आता तीच सळई, एकही कमी न करता, ५० मिमी खाली दाबा. ताकद येते साधारण ६.६. लोखंड तेवढंच, पैसे तेवढेच, आणि ताकद तिसऱ्या हिश्श्यावर!

निम्मी खोली गेली तर ताकद निम्मी व्हायला हवी, एकतृतीयांश कशी, हा प्रश्न बरोबर आहे. ताकद येते ती वरच्या सळईचा ताण आणि तळाच्या काँक्रीटचा दाब यांच्यामधल्या अंतरातून. तळाचा दाबाचा पट्टा स्वतःच तीसेक मिमी जागा खातो आणि त्या दाबाचा मध्य तळापासून साधारण १३ मिमी वर येतो. सळई तळापासून १०० मिमीवर होती तेव्हा हे अंतर ८७ मिमी होतं. ५० वर आली तर उरतं ३७. शिवाय एवढ्या उथळ छेदात तेवढं लोखंड जास्तच होतं. मग सळई ताणून लांबायच्या आत काँक्रीटच चिरडतं. म्हणजे आधी वाकून, भेगा दाखवून इशारा देण्याचा जो सभ्यपणा सळईत असतो, तोही तुम्ही काढून घेतलात. ५० मिमी म्हणजे पुरती तीन बोटंसुद्धा नाहीत हो! छज्जा तर त्याहून पातळ, भिंतीशी १०० आणि टोकाला ७५ मिमी. त्यात सळई तळाला जायला एक माणूस आणि एक पाय पुरतो.

ओतताना इंजिनियर ओरडलाच तर हुक घ्या आणि सळई वर ओढल्यासारखं करा. हात सोडला की ती पुन्हा खाली जाते, आणि माल घट्ट व्हायला लागला असेल तर सळईखाली पोकळी राहते, ती वेगळी भेट. पण ओरडणारा शांत होतो.

व्हायब्रेटरची निडल सळईवरच टेकवून ठेवा.

यानंतर धीर धरा. टेकू काढले आणि बाल्कनी पडली नाही की छाती पुढे काढून 'बघा, काही झालं?' असं विचारा. हा या शास्त्रातला सर्वांत परिणामकारक प्रयोग आहे, कारण सळई चुकलेली बाल्कनी पहिल्या दिवशी बहुधा उभीच राहते. लोखंड नसलेला १२५ मिमीचा साधा काँक्रीटचा स्लॅबसुद्धा भेग पडेपर्यंत आठच्या आसपास जोर सोसतो, आणि आपला जोर आहे ७.७. म्हणजे सळई पूर्ण तळाला गेली असेल तर तुमची बाल्कनी लोखंडावर उभीच नाही. ती काँक्रीटच्या तुटपुंज्या ताणशक्तीवर उभी आहे. मग काँक्रीट सुकून आकसतं, उन्हानं तापतं, रात्री थंड होतं, आणि बीमच्या कडेला वरून केसासारखी भेग पडते. जागेवरची सळई त्या क्षणी भार उचलते. तळाला गेलेली सळई काय उचलणार? तिच्या खाली दाब घ्यायला काँक्रीटच नाही. सळई अर्धी दबलेली असेल तर हिशोबातली सगळी शिल्लक खाऊन बाल्कनी कशीबशी लोंबकळत राहते, आणि एखाद्या दिवशी दहा माणसं कठड्याला टेकून मिरवणूक बघायला उभी राहतात.

टेकू काढतानाही क्रम उलटा ठेवा: भिंतीजवळचे आधी, टोकाचे शेवटी. मग बाल्कनी काही काळ बीम आणि टोकाच्या टेकूवर टेकलेला स्लॅब होते, मध्ये वाकते, आणि जिथं हिशोबात लोखंड धरलेलंच नाही त्या तळाला भेग पाडून घेते. खिडकीवरच्या छज्ज्याचे टेकू तर लिंटेलवर वीटकाम चढायच्या आधीच काढा. मागे वजन नसलेला छज्जा लिंटेलसकट पुढे कलंडतो, त्याला सळईचा दोषही लागत नाही.

आणि भेग दिसली की पुट्टी भरा, वरून लादी घाला. बीमला समांतर, बाल्कनीच्या वरच्या अंगाला पडलेली भेग म्हणजे 'प्लास्टरची आहे' असं म्हणायचं असतं. तिच्यातून पाणी झिरपून खालून बीमच्या कडेला ओल येते, तिचा दोष वॉटरप्रूफिंगवर ढकला. छज्ज्याच्या तळाचं प्लास्टर पडून गंजलेली मुख्य सळई खाली उघडी दिसली तर गंज घासून पुन्हा प्लास्टर करा. ती तिथं काय करतेय, हे कुणी विचारू नये.

बस झालं. विचारा ना! ती सळई तळातून दिसतेच कशी, हे विचारायला काय जातं? छज्ज्याची मुख्य सळई खालून दिसली तर तो दुरुस्तीचा नाही, टेकू लावून खालून माणसं हटवण्याचा विषय आहे. मग इंजिनियर बोलवा, सळई किती खोल आहे ते कव्हर मीटरनं तपासा, बीमजवळ वरून एक-दोन जागी फोडून बघा. सळई गेली असेल तर पाडून नव्यानं करा, नाहीतर हिशोब करून खालून लोखंडी ब्रॅकेट द्या. मनानं टोकाला खांब उभा करू नका. तिथं खांब आला की ताणाची जागाच बदलते.

आणि ओतायच्या दिवशी फक्त एक माणूस द्या, ज्याचं दुसरं काहीही काम नाही. त्याच्या हातात टोकापासून २० मिमीवर खूण केलेली एक सळई. माल ओला असतानाच, बीमच्या तोंडाशी, मुख्य सळई आहे त्या जागी, दर मीटरला तो ती वरून आत घालून बघेल. खुणेच्या आसपास अडली तर पुढे जा. अडलीच नाही तर ओतणं थांबवा, माल बाजूला सारा, खुर्ची घाला, पुन्हा भरून व्हायब्रेट करा. दहा मिनिटं जातील. कंत्राटदार कुरकुरेल, पंपवाला घड्याळ दाखवेल. कुरकुरू दे त्यांना. बाल्कनीत ते राहणार नाहीत, तुम्ही राहणार आहात. जाळीवर चपला घालून उभे राहिलेल्या मालकांनो, आधी खाली उतरा.