एक्सएलआर केबल : नुसती वाजली म्हणून पास करू नका

माईक मिक्सरला जोडणाऱ्या एक्सएलआर केबलीबद्दल असा सल्ला ऐकू येतो : «एक्सएलआर बनवायला काय लागतं? तीन वायरी, तीन पिना. दोन्ही टोकांना रंग सारखे ठेवा, मग कुठलीही वायर कुठेही लावा. शील्ड बॉडीलाही मारा, हम जातो. सोल्डर भरपूर घाला, वायर सुटत नाही. माईक लावून हॅलो म्हणा, वाजला की केबल पास.»

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो टिकून आहे. तांबडी आणि पांढरी वायर दोन्ही टोकांना सारखीच अदलाबदल झाली, तर माईकला काही कळत नाही. एकाच टोकाला झाली तरी एकट्या माईकवर ऐकू येत नाही. पण एका पेटीला दोन माईक लावलेत आणि त्यातली एक केबल अशी उलटी असेल, तर दोन्ही फेडर वर गेल्यावर पेटीचा खर्ज गायब होतो आणि माणूस इक्वलायझरवर बेस वाढवत बसतो.

खरी गडबड शील्डची, म्हणजे वायरींभोवतीच्या जाळीची होते. समजा, दोन्ही टोकांना शील्ड पिन 2 ला आणि तांबडी पिन 1 ला लागली. रंग सारखेच आहेत, मल्टिमीटरची बीपही तीन वेळा बरोबर वाजते. पण आता सिग्नलची एक बाजू बाहेरच्या जाळीतून चालली आहे आणि जिने जाळीचं काम करायचं ती आत बसली आहे. दोन्ही वायरींवर सारखाच गोंगाट यावा आणि मिक्सरने तो वजा करावा, हा बॅलन्स्ड लाइनचा सगळा खेळ. जाळी आणि आतली वायर गोंगाट सारखा पकडत नाहीत, त्यामुळे वजाबाकी जमत नाही. घरात शांत वाटणारी ही केबल डिमरच्या वायरीशेजारून गेली की गुरगुरते.

म्हणून जोडणी एकच : पिन 1 ला शील्ड, पिन 2 ला हॉट म्हणजे सिग्नलची सरळ बाजू, पिन 3 ला कोल्ड म्हणजे उलटी बाजू. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने 1992 मध्ये पिन 2 हॉट हे प्रमाण ठरवलं. त्याआधीच्या काही अमेरिकन यंत्रांत पिन 3 हॉट असे, तेवढं जुनं सामान हाताळताना लक्षात ठेवावं. पिना ओळखताना आकृती पाहू नका, कारण मेल आणि फीमेल एकमेकांच्या आरशातल्यासारखे असतात आणि सोल्डरची बाजू पुन्हा उलटी. वायर सोल्डर करायच्या प्रत्येक कपाशेजारी प्लास्टिकवर बारीक आकडा उठवलेला असतो. तो बॅटरीच्या उजेडात वाचा आणि मगच वायर धरा.

बॉडीला शील्ड मारण्याचं म्हणाल, तर माईकच्या केबलीत ते नको. यंत्राच्या आत पिन 1 चासीला जोडलेली असते, शील्डला जमिनीचा रस्ता तिथून मिळतो. केबलची बॉडीही पिन 1 ला जोडली आणि दोन केबली जोडल्याचा सांधा स्टेजच्या लोखंडी पाइपावर पडला, तर जमिनीला दुसरा रस्ता मिळतो आणि ग्राउंड लूपचा हम सुरू होतो. जो घालवायचा, तोच आपण बोलावून आणतो. काही कनेक्टरांत बॉडीसाठी चौथा टॅब असतो, तो मोकळा सोडावा. रेडिओ ट्रान्समीटरच्या शेजारी काम असेल तर गणित वेगळं, पण मंडपात आणि सभागृहात तशी वेळ क्वचितच येते.

आता भरपूर सोल्डर. वायर खेचली जाते तेव्हा ताण सोल्डरने घ्यायचाच नसतो. उलट जास्त सोल्डर वायरीच्या तारांतून वर चढतं, इन्शुलेशनखाली शिरतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. वाकताना वायर नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. बाहेरून डाग चकचकीत, आत दोन-तीन तारांवर लटकलेली वायर.

करायचं असं. आधी कनेक्टरचं मागचं बूट केबलवर ओवा. हे विसरलं की झालेलं सगळं उपसावं लागतं. बाहेरचं आवरण साधारण दोन सेंटीमीटर सोला, आतल्या वायरी 3 ते 4 मिलिमीटर. जाळी पिळून तिच्यावर हीट श्रिंक चढवा, नाहीतर तिची एखादी सुटी तार शेजारच्या कपाला टेकते. तिन्ही टोकांना सोल्डर चढवून घ्या, कप निम्मे भरा. सोल्डरिंग आयर्न 350 अंशांच्या आसपास, सोल्डर रोझिन कोरचं; नळाच्या कामाची आम्लाची पेस्ट इथे आणू नका, ती पुढे तांबं खाते. कप तापवा, आतलं सोल्डर वितळलं की वायर आत बुडवा, आयर्न काढा आणि गोठेपर्यंत हात हलवू नका. दोन-तीन सेकंदांचं काम आहे. जास्त रेंगाळलात तर वायरीचं इन्शुलेशन मागे आक्रसतं आणि पिनाही प्लास्टिकमध्ये तिरक्या होतात. काम करताना समोर जोडीचा कनेक्टर खोचून ठेवला की पिना जागेवर राहतात.

मग चक. ती बोटांसारखी पकड केबलच्या बाहेरच्या आवरणावरच बसली पाहिजे, सोललेल्या भागावर नाही. बूट आवळताना चक आवरणाला चावते आणि ओढ तिथेच थांबते. बूट घट्ट केल्यावर केबल ओढून बघा. आवरण एक मिलिमीटरही सरकलं, तर चक त्या जाडीची नाही.

शेवटचा दावा सगळ्यांत महागात पडतो. डायनॅमिक माईक फार क्षमाशील असतो. पिन 1 तुटलेली असली तरी तो वाजतो, फक्त हम येतो. पिन 3 आणि पिन 1 एकमेकांना चिकटल्या असल्या तरी वाजतो. तीच केबल कंडेन्सर माईकला लावा : त्याला मिक्सरकडून मिळणारे फँटमचे 48 व्होल्ट पिन 2 आणि 3 वरून जातात आणि पिन 1 वरून परत येतात. पिन 1 तुटलेली असेल तर माईक मुकाच. एक पिन जमिनीला चिकटली असेल तर तो कुजबुजेल, कुरकुरेल किंवा काहीच करणार नाही.

म्हणून आधी मीटर, आणि केबलची दोन्ही टोकं मोकळी. 1 ते 1, 2 ते 2, 3 ते 3 बीप यायला हवी. 1-2, 1-3, 2-3 आणि बॉडी ते कुठलीही पिन, इथे शांतता. बीप चालू ठेवून कनेक्टरपाशी केबल चारी दिशांना वाकवा. बीप तुटली, तर डाग किंवा वायर कच्ची. मग ओहमवर या. दहा मीटर केबलीत 0.22 चौरस मिलिमीटरची वायर साधारण 0.8 ओहम दाखवते, प्रोबचा स्वतःचा रोध वजा करून. 2 आणि 3 च्या आकड्यांत ठळक फरक असेल, तर एक वायर अर्धी तुटलेली आहे.

राहिली ती शील्ड पिन 2 वरची लबाड केबल, जी बीपला फसवते. मीटरवर कपॅसिटन्सची सोय असेल तर तीही पकडली जाते. एक टोक मोकळं ठेवून तिन्ही जोड्या मोजा. 1-2 आणि 1-3 जवळजवळ सारख्या आणि 2-3 कमी, असं आलं तर जाळी पिन 1 वरच आहे. दहा मीटरला हे आकडे नॅनोफॅरडच्या आसपास येतात. कमी आकडा 1-3 चा आला, तर जाळी पिन 2 वर आहे आणि दोन्ही टोकं पुन्हा उघडावी लागतील. माईकवर हॅलो म्हणायचं ते एवढं झाल्यावर, आणि तेही फँटम चालू करून कंडेन्सरवर.