मध्यंतराच्या पाच मिनिटांत संघनायकाने स्वतःला कसे वाचवावे

कबड्डीच्या संघाचे नायकपद तुमच्याकडे चालून आले असेल, तर प्रथम अभिनंदन आणि लगेच एक सावधगिरीची सूचना. पुरुषांच्या सामन्यात वीस मिनिटांचे दोन डाव असतात आणि त्यांच्यामध्ये पाच मिनिटांचे मध्यंतर असते. ही पाच मिनिटे खेळाडूंना पाणी पिण्यासाठी असतात असा एक भाबडा समज आहे. वस्तुतः ती संघनायकाला पराभवाची जबाबदारी वेळेवर वाटून टाकता यावी म्हणून ठेवलेली आहेत. सामना संपल्यावर वाटप करू म्हणाल, तर तोवर प्रत्येकाने आपापली बाजू तयार केलेली असते.

हल्ली काही मंडळी धमकी आणि दोषारोप यांच्या जागी एकजुटीची, उमेद वाढवणारी भाषा वापरा असा आग्रह धरतात. त्यांचे ऐकण्यापूर्वी तुमचे किती नुकसान होईल याचा हिशेब करून पाहा. मी अनेक वर्षे तालुका पातळीवरच्या स्पर्धांत गुणलेखकाच्या टेबलावर बसतो. खेळाडूंचे कोंडाळे टेबलापासून हातभर अंतरावर असते, त्यामुळे नायकाचे भाषण आणि गुणपत्रक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्यासमोर असतात. त्या दोन्हींचा परस्परांशी फारसा संबंध नसतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

एका उपांत्यपूर्व सामन्यातले भाषण मला अजून शब्दशः आठवते. गुणफलकावर २२-१४ होते आणि १४ आपल्या नायकाच्या संघाचे होते. तो म्हणाला, “लाज वाटते का रे काही? बावीस-चौदा! तुमच्यामुळे गावाचं नाव मातीत गेलं. आणि तू रे डाव्या कोपऱ्या, किती वेळा सांगितलं एकटा घुसू नको म्हणून? पुन्हा चुकलास ना, तर बाहेर बसवीन, आणि पुढच्या स्पर्धेला तुझं नावच देणार नाही. तिसरी चढाई रिकामी आणणाऱ्याने मला तोंड दाखवायचं नाही. मी एकट्याने किती खेळायचं? आता बघू कोणात दम आहे ते!”

आदर्श भाषण म्हणतात ते हेच. गावाच्या अब्रूपासून पुढच्या स्पर्धेच्या यादीपर्यंत सगळे त्यात आले. पुढच्या चढाईत नेमके काय करायचे, एवढेच आले नाही. रिकाम्या तिसऱ्या चढाईचा उल्लेख तर विशेष दाद देण्याजोगा होता. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाईपटू नियमानेच बाद होऊन मैदानाबाहेर बसतो. म्हणजे जी शिक्षा पंच देणारच होते, तिच्यावर नायकाने स्वतःची सही ठोकली.

आता हेच भाषण कोणी पुन्हा लिहायला घेतले, तर काय अनर्थ होतो ते पाहा. पहिल्या खर्ड्यात सर्वनाम बदलले जाते. सुदैवाने मराठीत त्याची उत्तम सोय आहे. समोरच्याला वगळून बोलायचे असेल तर ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घ्यायचे असेल तर ‘आपण’, हा भेद कित्येक भाषांना करता येत नाही. आपल्याला तो जन्मतःच मिळालेला आहे. त्यामुळे ‘तुम्ही’ खोडून सगळीकडे ‘आपण’ लिहिले की भाषण एकजुटीचे झाले, असे बिनदिक्कत जाहीर करता येते. “आपण डाव्या कोपऱ्यात फार चुकतो आहोत” हे वाक्य घ्या. डाव्या कोपऱ्यात एकच खेळाडू उभा असतो. वाक्य संपायच्या आत सहा जणांच्या माना त्याच्याकडे वळलेल्या असतात, आणि दोष दिल्याचा ठपका मात्र तुमच्यावर येत नाही. एका नायकाने तर माझ्या देखत “मी सात गुण आणले आणि आपण आठ गुणांनी मागे पडलो” अशी विभागणी केली होती. इथपर्यंतचे पुनर्लेखन संपूर्णपणे सुरक्षित आहे. ते खुशाल करावे. “आपण एक कुटुंब आहोत” हेही बेधडक म्हणावे, कारण कुटुंबात भांडणाला मनाई नसते.

धोका दुसऱ्या खर्ड्यापासून सुरू होतो, कारण तिथे गुणपत्रक मागवले जाते. ते चुकूनही मागवू नये. त्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांच्या २२ गुणांपैकी ६ गुण निव्वळ बोनसचे होते. डाव्या कोपऱ्याच्या दोन फसलेल्या पकडींची किंमत ३ गुण होती: पहिल्या वेळी तो एकटाच बाद झाला आणि दुसऱ्या वेळी शेजारचा उशिरा धावून आल्याने तोही सोबत गेला. पण पकड फसली की गडी मातीत लोळतो, प्रेक्षक ओरडतात आणि ते दृश्य सर्वांच्या डोळ्यांसमोर राहते. बोनस मात्र शांतपणे जातो. समोर सहा किंवा सात जण उभे असताना चढाईपटू बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवतो, मागचा पाय त्या क्षणी उचललेला असतो, पंच हात वर करतात आणि तो परत जातो. सहा वेळा असे घडले आणि भाषणात त्याचा ‘ब’देखील नव्हता. एवढ्यावरच भागत नाही. दोन वेळा तिसरी चढाई अंगावर आली तेव्हा नायकाने स्वतः न जाता एका कोवळ्या पोराला पुढे केले होते, आणि दोन्ही वेळा तो पकडला गेला. हे २ गुणही त्याच कागदावर होते. ज्या कागदावर असला मजकूर असतो, तो संघनायकाने वाचणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष काढणे होय.

तरीही ज्यांना मोह आवरत नाही, त्यांच्यासाठी ते घातक भाषण पूर्ण स्वरूपात देतो, म्हणजे ऐकू आल्यास ओळखता येईल:

“बावीस-चौदा. आठ गुण मागे आहोत, वीस मिनिटं हातात आहेत. त्यांचे सहा गुण बोनसचे आहेत. ते आधी बंद करू. त्यांचा उंच गडी बोनसला दर वेळी आपल्या डाव्या कोपऱ्यात पाय टाकतो. त्याने पाय टाकला की डावा चवड्याला जाईल आणि शेजारचा त्याच क्षणी कमरेला. हात दाबला की दोघांनी जायचं, हात दाबला नाही तर कोणी जायचं नाही. पकड सुटली तर सुटली, पुढची साखळी लगेच धरायची. तिसरी चढाई माझी. मघाशी दोनदा दुसऱ्याला पाठवलं, ते माझं चुकलं. आता पाणी प्या.”

या भाषणातले तोटे एकेक करून पाहिले पाहिजेत. “एकटा घुसू नको” ही जुनी सूचना किती सोयीची होती! तो घुसला तर का घुसला आणि नाही घुसला तर उभा का राहिला, असे दोन्हीकडून विचारता येत होते. नव्या वाक्यात मात्र कधी जायचे, कुठे धरायचे आणि सोबत कोण येणार, हे तिन्ही ठरून जाते. बचावफळी हात धरून उभी असते, आणि हाक दिली तर ती चढाईपटूलाही ऐकू जाते, म्हणून खूण हाताच्या दाबाने द्यायची, इतपत तपशील एकदा सांगितला की पकड फसण्याचे कारण दोघांत विभागले जाते. एकट्याच्या माथी मारायला काही शिल्लकच राहत नाही. शिवाय “तिसरी चढाई माझी” हे वाक्य उच्चारल्यावर ती खरोखरच मारावी लागते. आणि “माझं चुकलं” या दोन शब्दांबद्दल तर काय बोलावे? ते ऐकल्यावर बाकीचेही आपापल्या चुका मोकळेपणी सांगू लागतात, आणि मग कोण काय लपवतो आहे हे हेरण्यातली सगळी मजा जाते.

आणखी एक गैरसोय अशी की हे भाषण अर्ध्या मिनिटात संपते. टाइमआउटचे तीस सेकंद त्याला पुरतात. धमकीला मात्र चढ लागतो, ती रंगायला वेळ द्यावा लागतो, आणि तीस सेकंदांत ती गावाच्या अब्रूपर्यंतच पोहोचते. प्रो कबड्डीच्या सामन्यांत टाइमआउटमधले बोलणे दूरचित्रवाणीवर ऐकू येते. तिथे आवाज चढलेला असला तरी अनेकदा कोपरा, बोनस, चढाईला कोण जाणार, असलेच रुक्ष विषय निघतात. अशा ठिकाणी वक्तृत्वाची हौस कशी भागणार?

एक गोष्ट मी प्रामाणिकपणे कबूल करतो. नव्या भाषणाने सामना जिंकतोच असे नाही. समोरचा संघ सरस असेल तर आठाची पिछाडी बाराचीही होते, आणि खेळाडू दमलेले असतील तर हात दाबूनही पाय हलत नाहीत. अशा वेळी जुन्या भाषणाचा मोठा आधार असतो, कारण ते कोणत्याही निकालानंतर खरे ठरते. जिंकलात तर धाक उपयोगी पडला, हरलात तर आधीच बजावले होते.

त्या सामन्यात नायकाने अर्थातच जुनेच भाषण ठेवले. दुसरा डाव सुरू झाला तेव्हा मी डाव्या कोपऱ्याकडे पाहत होतो. पूर्वी त्याची नजर चढाईपटूच्या पायांवर असायची. आता प्रत्येक चढाईआधी ती एकदा नायकाकडे जाऊन येत होती. पहिल्या चढाईला उंच गड्याने त्याच्यासमोर सावकाश पाय टाकून बोनस नेला आणि हा जागचा हलला नाही. दुसरीला तो अर्धे पाऊल मागे सरकला. तिसरीला उंच गड्याने नुसता खांदा झुकवला, आणि बाहेर बसण्याच्या भीतीने पकडच न करणाऱ्या त्या पोराची टाच अंतिम रेषेपलीकडे गेली. कोणी स्पर्शही केला नव्हता. पंचांनी शिट्टी वाजवून त्याला बाद दिले आणि मी समोरच्या संघाचा गुण लिहिला.

नायक माझ्या टेबलाकडे वळून समाधानाने म्हणाला, “बघितलंत ना मास्तर? मी मघाशी उगाच बोललो नव्हतो.”