कॉन्फ्लिक्टला संघर्ष म्हटलं की

“मामा, २७ फेब्रुवारीला कॉलेजात मराठीतून गिटवर बोलायचंय. सर म्हणाले, मराठी दिन आहे, इंग्रजी शब्द नकोत. स्क्रिप्ट बघतोस का?”

नाशिकहून भाचीने पाठवलेल्या त्या स्क्रिप्टमध्ये एक वाक्य होतं: ‘आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत शाखांचे विलीनीकरण करताना संघर्ष उद्भवल्यास त्याचे निराकरण करावे.’ मी स्टुटगार्टला रोज हेच करतो, तरी मला ते दोनदा वाचावं लागलं.

गिट म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलींत कुणी काय बदललं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. दोन पोरांनी एकाच फाइलमधली एकच ओळ आपापल्या ब्रँचवर, म्हणजे आपापल्या फांदीवर, बदलली, की दोन्ही मर्ज करताना, म्हणजे एकत्र जोडताना, फाइलमध्ये हे दिसतं:

```
<<<<<<< HEAD
rate = 40
=======
rate = 45
>>>>>>> nashik
```

टर्मिनलवर `CONFLICT` असं येतं. ‘संघर्ष’ ऐकून घरी गेलेलं पोरगं तिथे काय शोधणार? मी लिहून दिलं: ‘कॉन्फ्लिक्ट आला म्हणजे गिट बिघडलं नाही. ते विचारतंय, ४० ठेवू की ४५? वरची ओळ आपल्या ब्रँचची, खालची समोरच्याची. त्याला फोन करा, ठरवा, नको ती ओळ आणि खुणांच्या तिन्ही ओळी पुसा, मग त्या फाइलला `git add` आणि शेवटी `git commit`.’ एखादी खूण चुकून राहिली तर `git add` हूं की चूं करत नाही, प्रोग्रॅम चालवल्यावरच कळतं. हेही तिला घालायला लावलं.

स्क्रीनवर छापून येतो तो शब्द तसाच ठेवायचा, बाकी सगळं आपल्या बोलीत. खरं तर ‘विलीनीकरणा’पेक्षा ‘उद्भवल्यास’नेच ते वाक्य जास्त जड केलं होतं.

अण्णा निवृत्त मराठी शिक्षक. ते फोनवर म्हणाले, “आपल्या भगूरच्या सावरकरांनी घडवलेले दिनांक, महापौर हे शब्द रुळलेच ना?” रुळले. पण ते अर्जावर, पालिकेच्या पाटीवर छापले गेले. गिटची पाटी इंग्रजीत आहे. इथले जर्मन फाइलला ‘डाटाय’ म्हणतात, कारण त्यांच्या मेनूत तेच लिहिलंय. तेच लोक गिटमधले बदल सर्व्हरवर पाठवले, म्हणजे पुश केले, याला ‘गेपुश्ट’ म्हणतात. त्यावर नाकं मुरडणारे इथेही आहेत म्हणा.

दाजींना वाटलं, पोरीचं इंग्रजी कच्चं आहे. “क्लास लावू का? आमचं काय, ठिबकनं पाणी द्यायचं, द्राक्षाच्या घडांचं जीएच्या द्रावणात डिपिंग करायचं, आमचं कुठं अडतं?” एका दमात ठिबकही आलं नि डिपिंगही, आणि दाजींच्या ते गावीही नव्हतं.

भाचीचा शेवटचा प्रश्न मात्र मला सुटला नाही: गिटमध्ये बदलांची पक्की नोंद करतो ते कमिट तो, ती की ते? मी ‘कमिट केला’ म्हणतो, ती ‘केली’ म्हणते, आमच्या ऑफिसातला पुण्याचा मित्र ‘केलं’ म्हणतो. तिने ‘केली’च ठेवलंय. सरांनी अजून स्क्रिप्ट वाचलेली नाही.