खुलासा : माझ्याच ‘दोन दिवसांत कन्सोल’ मेसेजबद्दल

“पीसीवर गेम पूर्ण झालाय ना? मग कन्सोलसाठी फक्त नवीन बिल्ड काढा, दोन दिवसांचं काम!”

नाशिकच्या गेम बनवणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरणारं हे वाक्य माझंच, आणि ते चुकलं. बिल्ड, म्हणजे कन्सोलवर चालेल असा गेम, दोन दिवसांत निघाला खरा. पण माउससाठी केलेला मेनू कन्सोलच्या पॅडने हलेना; कुठलं बटण निवडलंय हेच दिसेना. सेकंदाला ६० फ्रेमसाठी एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, आमची गर्दीच्या दृश्यात २२ घ्यायची. शेवटी ३० फ्रेमवर आलो. तरी गेम सर्टिफिकेशनमधून, म्हणजे कन्सोल कंपनीच्या तपासणीतून, परत आला: खेळताना पॅडचा संपर्क तुटला तर गेमने थांबून ‘कंट्रोलर जोडा’ म्हणायला हवं. आमचा नायक सरळ दरीत चालत गेला! गंगापूर रोडच्या खोलीत पॅड कायम वायरीलाच, त्यामुळे हे कधी दिसलंच नाही.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर हा त्याखाली टाका.