७.१ तीनदा चालू केलं की बोलणं गायब होतं

«गेममध्ये पावलं, माणसांचं बोलणं नीट येत नसेल तर ७.१ तिन्हीकडे चालू करा: विंडोजमध्ये, हेडफोनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि गेममध्ये. जितकं सराउंड, तितकी दिशा पक्की. तरी नाही जमलं तर ड्रायव्हर उडवा आणि गेम परत टाका.»

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या पोरांच्या फोनवर हा मेसेज महिनोन्‌महिने फिरतोय. त्यामुळे ज्यांचा आवाज चांगला होता त्यांचाही बिघडला.

आधी विंडोजचं बघू. तिथलं ७.१ म्हणजे आवाज सुधारणारं बटण नव्हे. 'माझ्याभोवती आठ स्पीकर मांडलेत' एवढंच आपण त्यातून विंडोजला कळवतो. मग गेम आठ वाटांनी आवाज पाठवते आणि माणसांचं बोलणं बहुतेक वेळा मधल्या, म्हणजे सेंटरच्या वाटेला जातं. साध्या वायरच्या हेडफोनला वाटा दोनच.

निपाणीच्या माझ्या मामेभावाचा फोन आला, "गोळ्या ऐकू येतायत, गाणं वाजतंय, पण माणसं नुसती तोंड हलवतायत की!" त्याचा कॉम्प्युटर जोडून घेतलेला. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डला लावलेलीच नव्हती, म्हणून हेडफोन मागच्या हिरव्या जॅकमध्ये. त्या हिरव्यातून फक्त पुढचा डावा आणि पुढचा उजवा आवाज निघतो. सेंटर आणि सबवूफर नारिंगी जॅकमधून, मागचे काळ्यातून. नारिंगीत काही खुपसलेलंच नाही, तर संवाद ऐकू येणार कसा?

त्याला म्हटलं, विंडोज आणि R दाबून हे टाक:

```
mmsys.cpl
```

Playback मध्ये आपलं उपकरण निवडून Configure दाबलं की खोलीचं चित्र येतं. त्यातल्या एकेका स्पीकरवर क्लिक करायचं. पुढचे दोन वाजले, मधला मुका, मागचे मुके. दुखणं तिथेच सापडलं. त्याने Stereo निवडलं, गेम पूर्ण बंद करून परत उघडली आणि माणसं बोलायला लागली. गेम बंद करणं विसरू नका. बऱ्याच गेम किती स्पीकर आहेत हे सुरू होतानाच बघून घेतात.

आता 'जितकं सराउंड, तितकी दिशा पक्की' हे. हेडफोनमधलं सराउंड बनवलेलं असतं. मागून येणारा आवाज कानापर्यंत कसा बदलून पोचतो, त्याची नक्कल करून तो दोन वाटांत बसवतात. काउंटर-स्ट्राइक २ सारखी गेम हे काम स्वतःच करते, आणि पाऊल नेमकं कुठे पडलं हे तिला ठाऊक असतं. तिने तयार केलेले ते दोन आवाज हेडफोनच्या सॉफ्टवेअरकडे गेले, की त्याला ते समोरच्या दोन स्पीकरचे वाटतात आणि ते त्यांच्यावर पुन्हा तीच प्रक्रिया करतं. चहात साखर घालून झाल्यावर दुसऱ्याने न विचारता आणखी घालावी, तसं. वर विंडोजचं स्वतःचं हेडफोन-सराउंड, Windows Sonic, चालू असेल तर तिसरा हात.

हे ओळखायचं कसं? आपल्याच बंदुकीचा आवाज रिकाम्या मंगल कार्यालयात उडवल्यासारखा घुमतो, आणि डावं-उजवं कळलं तरी पुढचं-मागचं कळत नाही.

म्हणून हे काम एकाच जागी ठेवा. गेममध्ये हेडफोनसाठी स्वतःची सोय असेल तर ती चालू, बाकी सगळं बंद, विंडोजमध्ये Stereo. गेममध्ये ती नसेल, पण ती ५.१ किंवा ७.१ आवाज देत असेल, आणि तुमच्या यूएसबी हेडसेटचं सॉफ्टवेअर आठ वाटांचं उपकरण दाखवत असेल, तर त्या उपकरणाला ७.१ ठेवणंच बरोबर. त्या मेसेजमधला खरा भाग एवढाच. तेव्हाही Windows Sonic बंदच हवं.

राहिलं ड्रायव्हर उडवणं. त्याने कधीकधी काम होतं, कारण सेटिंग मूळपदावर येते आणि श्रेय ड्रायव्हरला मिळतं. गेम परत टाकणं मात्र बहुतेकदा वाया. खानापूरच्या पलीकडे जिथे रेंज धड नाही, तिथल्या पोराला शंभर जीबी परत उतरवायला सांगणारा माणूस थोरच म्हणायचा! आवाज अजिबातच नसेल तर गेम चालू ठेवून त्याच Playback मध्ये बघा: प्रत्येक उपकरणाशेजारी पट्टी असते, आवाज जिथे जातोय तिथली हिरवी हलते. बऱ्याचदा ती एचडीएमआयने जोडलेल्या, स्पीकरच नसलेल्या मॉनिटरची निघते. मग हेडफोन Set Default करा. तरी ती एकच गेम हट्टाने मॉनिटरकडेच जात असेल, तर सेटिंग्जमधल्या Volume mixer मध्ये तिच्या नावापुढे वेगळं उपकरण निवडलेलं असतं. ते विंडोजने लक्षात ठेवलेलं असतं, गेमने नव्हे. आणि कुठलीच पट्टी हलत नसेल, तर गेमच्या आतला आवाज शून्यावर आहे का ते आधी बघा.