‘मताला किंमत शून्य’ लिहिणाऱ्या वाचकांना उत्तर

ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे बेलफास्ट राजधानी असलेल्या प्रांतात, सत्ता गटागटांत वाटण्याची पद्धत आहे. तिच्यावरच्या माझ्या लेखावर ही प्रतिक्रिया आली.

> लेख वाचला. नेहमीप्रमाणे लांबलचक आणि एकतर्फी. सत्ता गटागटांत वाटली की ते गट कायमचे पक्के होतात, एवढी साधी गोष्ट तुम्हाला कळू नये? उत्तर आयर्लंडमध्ये ज्याला कुठल्याच गटात बसायचं नाही त्याच्या मताला किंमत शून्य. यावर लेखात एक अक्षर नाही. विधानसभा वर्षानुवर्षं बंद पडते, तेही सोयीस्करपणे गाळलंत. लेबनॉन तोंडी लावण्यापुरता. सांगलीत बसून बेलफास्टवर व्याख्यान देण्याआधी आपल्या गावच्या ग्रामपंचायतीकडे बघा.
> – एक जुना वाचक, विटा

जुने वाचक आहात, म्हणजे हा ब्लॉग इतकी वर्षं वाचताय. मग ‘नेहमीप्रमाणे’ या शब्दाचं मला कोडं पडलं. दर वेळी लेख लांबलचक आणि एकतर्फीच असेल, तर आपण दर वेळी येता कशाला? असो. लेख लांब झाला हे मला मान्य आहे. कात्री लावायला हवी होती. पण ‘एवढी साधी गोष्ट तुम्हाला कळू नये’ ही भाषा जुन्या वाचकाला शोभत नाही. मतभेद असा सूर न लावताही मांडता येतो, आणि विट्याची माणसं तो मांडतात, हे मला नोकरीतल्या अनुभवावरून माहीत आहे.

आता ‘किंमत शून्य’. हे वाक्य आपण इतक्या खात्रीनं लिहिलंय की आधी तेच घेतो.

उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत निवडून आलेला प्रत्येक सदस्य नोंदवहीत सही करताना आपली ओळख नोंदवतो. ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे ‘युनियनिस्ट’, आयर्लंडशी जोडलं जाऊ इच्छिणारे ‘नॅशनलिस्ट’ आणि यांपैकी कुणीच नाही ते ‘इतर’. रोजच्या बहुतेक ठरावांना साधं बहुमत लागतं. तिथं ‘इतर’ सदस्याचं मत बाकीच्यांइतकंच मोजलं जातं. अर्थसंकल्प किंवा कामकाजाचे नियम अशा मोजक्या बाबींवर मात्र दोन्ही गटांची संमती वेगवेगळी पाहतात. १९९८ च्या शांतता करारानंतर झालेल्या कायद्यात प्रथम मंत्री आणि उपप्रथम मंत्री या जोडीची निवडही याच पद्धतीनं होती. सभागृहाचं बहुमत हवं, युनियनिस्टांमध्ये बहुमत हवं आणि नॅशनलिस्टांमध्येही हवं. म्हणजे एकाच मतदानाच्या तीन मोजण्या. ‘इतर’ सदस्य पहिल्या मोजणीत असतो, पुढच्या दोन्हींत नसतो. याला ‘कमी’ म्हणा, माझी हरकत नाही. शून्य हा वेगळा आकडा आहे.

आणि हे कमी का, ते आपण विचारलंच नाहीत. १९२१ पासून १९७२ पर्यंत बेलफास्टला विधिमंडळ होतं आणि तिथं साधं बहुमतच चालायचं. एक मत, एक मोजणी. त्या पन्नास वर्षांत प्रत्येक सरकार युनियनिस्टांचं आलं. नॅशनलिस्टांना निवडणूक लढवायला कुणी अडवलं नव्हतं, पण सरकार बदलण्याची शक्यता त्यांच्यापाशी कधी आलीच नाही. त्याच काळाच्या अखेरीस दोन्ही बाजूंत हिंसाचार पेटला आणि तीस वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. १९९८ च्या कराराला बसलेल्यांपुढे प्रश्न होता तो असा, की जो गट उठून गेला तर पुन्हा बंदुका निघतील त्याला सभागृहात धरून कसं ठेवायचं. ‘इतर’ मंडळी उठून गेली तर फार तर पत्रक काढतील. नियम त्यांच्यासाठी केलेलाच नव्हता. ते अन्यायाचं आहे का? थोडं आहे. पण सज्जनांना थोडं मागं बसवून भांडणाऱ्यांना पुढच्या रांगेत डांबणं ही त्या करारातली जाणूनबुजून केलेली गोष्ट आहे, नजरचूक नव्हे.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी कचाट्यात सापडते, ते २००१ मध्ये दिसलं. प्रथम मंत्री डेव्हिड ट्रिंबल युनियनिस्ट होते. आयआरए ही आयर्लंड एक करण्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना शस्त्रं निकामी करत नाही म्हणून त्यांनी १ जुलैला राजीनामा दिला. जोडीतला एक गेला की दुसऱ्याचंही पद जातं, आणि नवी जोडी सहा आठवड्यांत निवडावी लागते. ती जमेना. तेव्हा लंडनच्या मंत्र्यांनी एक युक्ती काढली. विधानसभा एका दिवसापुरती निलंबित करायची आणि पुन्हा सुरू करायची, म्हणजे सहा आठवडे नव्यानं मोजायला लागायचे. ऑगस्टमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा एकदा, असं दोनदा केलं. ऑक्टोबरच्या अखेरीस आयआरएनं शस्त्रं निकामी करायला सुरुवात केली आणि ट्रिंबल परत उभे राहायला तयार झाले.

२ नोव्हेंबरला मतदान झालं. सभागृहातल्या सुमारे सत्तर टक्के सदस्यांनी बाजूनं मत दिलं. नॅशनलिस्ट एकजात बाजूनं. युनियनिस्टांमध्ये मात्र २९ बाजूनं आणि ३० विरोधात, कारण ट्रिंबल यांच्या स्वतःच्या पक्षाचे दोघे फुटले होते. एका मतानं निवड पडली. त्याआधी विमेन्स कोअलिशन या छोट्या पक्षाच्या दोन सदस्यांनी ‘इतर’ सोडून एकीनं युनियनिस्ट आणि दुसरीनं नॅशनलिस्ट अशी नोंद करून पाहिली होती. तरीही पुरलं नाही.

मग अलायन्स पक्षाचं दार ठोठावलं. हा पक्ष दोन्ही गटांपासून लांब राहायचं म्हणूनच चालतो. त्यांचे नेते डेव्हिड फोर्ड आणि आणखी दोघे काही काळापुरते ‘युनियनिस्ट’ म्हणून नोंदले गेले. ६ नोव्हेंबरला पुन्हा मतदान. ७० बाजूनं, २९ विरोधात, आणि युनियनिस्टांमधलंही पारडं काठावर का होईना, वळलं. ट्रिंबल आणि नॅशनलिस्ट बाजूचे मार्क डर्कन यांची जोडी निवडून आली. विरोधकांचा संताप इतका झाला की बाहेरच्या दालनात पत्रकारांसमोरच धक्काबुक्की झाली. सहा आठवड्यांची मुदत दोन दिवसांपूर्वीच टळली होती, म्हणून ट्रिंबलविरोधी युनियनिस्ट पक्षाचे पीटर रॉबिन्सन कोर्टात गेले. प्रकरण तेव्हा ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचलं आणि २००२ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निवड वैध ठरली.

आता सांगा, ज्यांच्या मताला किंमत शून्य म्हणता त्यांच्यावाचून सरकार बनलं असतं का?

आपण म्हणाल, त्यासाठी त्यांना दुसऱ्याची टोपी घालावी लागली. लागली. फोर्ड यांना ते आवडलं नव्हतं आणि अलायन्सनं ही नोंदीची पद्धतच काढून टाका अशी मागणी तेव्हाही केली, आजही करतो. २००६ च्या सेंट अँड्र्यूज करारानंतर उलटंच झालं. मधेच नोंद बदलायचं दार बंद केलं, आता पक्ष बदलल्याशिवाय ओळख बदलता येत नाही. जोडीची निवड मतदानानं करणंही थांबलं. सर्वांत मोठ्या पक्षानं प्रथम मंत्री नेमायचा आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या पक्षानं उपप्रथम मंत्री. यानं एका मतावर सरकार लटकणं थांबलं, पण दुसऱ्या पक्षानं नाव दिलंच नाही तर काय, याला उत्तर नव्हतं. २०२२ मध्ये नेमकं तेच झालं.

आणि तरीही ‘इतर’ कुठं गेले ते पाहा. २०१० मध्ये पोलीस आणि न्याय खातं लंडनहून बेलफास्टकडे आलं. बाकीची खाती पक्षांच्या जागांच्या प्रमाणात ठरावीक सूत्रानं वाटली जातात, हे एक खातं त्यातून वगळलं आणि त्यासाठी दोन्ही गटांची संमती लावली. कारण उघड होतं. युनियनिस्टांना पोलीस शिन फेन या नॅशनलिस्ट पक्षाच्या हातात नको होते, आणि नॅशनलिस्टांना ते पुन्हा युनियनिस्टांच्या हातात नको होते. निवडले गेले डेव्हिड फोर्ड. तेच. पुढं त्यांच्याच पक्षाच्या नेओमी लाँग यांनीही ते खातं सांभाळलं. ज्या खात्यावरून माणसं मेली ते खातं तिसऱ्याकडे गेलं, आणि हे त्याच ‘गट पक्के करणाऱ्या’ नियमाखाली झालं.

आता ग्रामपंचायत. ‘आपल्या गावच्या ग्रामपंचायतीकडे बघा’ हे आपण मला सांगताय! माझी उभी नोकरी पंचायत समितीत गेली, निवृत्त झालो तेव्हा विस्तार अधिकारी होतो. अडीच-अडीच वर्षांच्या वाटण्या मी आपल्यापेक्षा जास्त पाहिल्यात. एक गाव सांगतो, नाव नको. दोन भावकींत ठरलं, पहिली अडीच वर्षं सरपंचपद एकीकडे, नंतर दुसरीकडे. पहिल्यांकडून बिनतारखेचा राजीनामा लिहून घेतला आणि तो तालुक्याच्या एका पुढाऱ्याच्या कपाटात ठेवला. मुदत भरली, तारीख पडली, कागद सभापतींकडे आला आणि पडताळणीला मी गेलो. सरपंच शांतपणे चहा पुढं करत म्हणाले, ‘‘साहेब, सही माझीच आहे. तारीख माझी नाही.’’ मी तसा जबाब लिहिला आणि परत आलो. पुढं त्या गावात ग्रामसभेला कोरम होईना, पाण्याच्या टाकीचं काम अडून राहिलं.

बेलफास्टच्या नियमातली खुबी मला तिथं कळली, पुस्तकात नाही. तिथं वाटणी पाळीनं नाही, एकाच वेळी आहे. प्रथम आणि उपप्रथम मंत्र्यांचे अधिकार सारखे, एकाशिवाय दुसऱ्याची सही चालत नाही, आणि एक उठला की दुसऱ्याची खुर्चीही जाते. कपाटातल्या कागदावर भरवसा ठेवायची गरज उरत नाही. यात दगाबाजी करणाऱ्याचाही तोटा होतो. आमच्या त्या सरपंचांचा काय तोटा झाला? काही नाही. मुदत पूर्ण करून उतरले.

हे आपल्याला सांगलीत बसून कळत नसेल तर तो सांगलीचा दोष नाही.

विधानसभा बंद पडते हे ‘गाळलं’ म्हणता. २००२ ते २००७, २०१७ ते २०२०, २०२२ ते २०२४. घ्या, लिहिलं. या काळात अधिकारी कारभार चालवतात, मोठे निर्णय लंडनला होतात किंवा होतच नाहीत, दवाखान्यांच्या रांगा वाढतात. पण २०२४ च्या फेब्रुवारीत नॅशनलिस्ट मिशेल ओनील प्रथम मंत्री आणि युनियनिस्ट एमा लिटल-पेंगेली उपप्रथम मंत्री म्हणून एकत्र शपथ घ्यायला आल्या, तेव्हा मधल्या दोन वर्षांतलं भांडण सभागृहाबाहेर राहण्याचं होतं, रस्त्यावरचं नव्हतं. हा फरक आपल्याला किरकोळ वाटत असेल तर वाटो.

लेबनॉनबद्दल आत्ता लिहीत नाही. तिथं राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचे अध्यक्ष शिया असा पायंडा आहे आणि त्याची गत वेगळी झाली. त्यावर बोलायचं तर स्वतंत्र लेख लागेल, तो आपल्याला पुन्हा लांबलचक वाटेल. बेलफास्टबद्दल मात्र आणखी काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा, फक्त नावानिशी. ‘एक जुना वाचक’ या सहीखाली आलेली पुढची प्रतिक्रिया मी लावणार नाही.