पावणेअकराचा तो ‘सेल’: केएसटीच्या क्रॉसिंगबद्दल थोडं सविस्तर

> “केएसटी म्हणजे नावातच शुअर थिंग. चार-चार वेग एकाच वेळी हो म्हणतात, तेव्हाच लाईन वळते. पाच मिनिटांच्या चार्टवर सिग्नल लाईनच्या वर गेली की घ्या, खाली आली की विका. आणि शून्याखाली असताना वर क्रॉस झाली तर डोळे झाकून घ्या, तळ लागलेला असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळ्यांना पाठवा.”

केएसटी या इंडिकेटरबद्दलचा हा मजकूर खानापूरच्या माझ्या भाच्याने मला पाठवला, तोवर त्याने त्यावर तीन सौदे केलेले होते. तिन्ही शॉर्ट, तिन्ही तोट्यात. मी त्याला एवढंच विचारलं, “सिग्नल किती वाजता आला होता?” तो म्हणाला, “मामा, तिन्ही वेळा साडेदहा ते पावणेअकराच्या मध्येच.” तीन वेगवेगळे शेअर, तीन वेगवेगळे दिवस, आणि वेळ जवळपास एकच. तेव्हा मी वही घेऊन बसलो.

नावाचं लवकर आटोपतो. मार्टिन प्रिंग यांनी 1992 मध्ये हा इंडिकेटर मांडला. केएसटी म्हणजे ‘नो शुअर थिंग’, Know Sure Thing. इंग्रजीत त्याचा पहिला शब्द ‘जाणा’ या अर्थाचा आहे, पण उच्चारला की तो ‘नाही’सारखाच ऐकू येतो. देवनागरीत तर दोन्ही ‘नो’च. म्हणजे कानाला ऐकू येतं ते ‘पक्कं असं काही नाही’. या नावावरून खात्री देणाऱ्याने ते एकदा मोठ्याने म्हणून बघावं.

आता चार वेगांकडे येऊ. ते चार स्वतंत्र साक्षीदार नाहीत. चालू कॅण्डलचा बंद भाव 10, 15, 20 आणि 30 कॅण्डल आधीच्या भावापेक्षा किती टक्के वर-खाली आहे, एवढंच ते सांगतात. चारही आकडे एकाच भावातून निघतात. पहिल्या तिघांची 10 कॅण्डलची साधी सरासरी घेतात, चौथ्याची 15 ची, आणि मग वजनं लावून बेरीज करतात. खाली ROC म्हणजे वेग, SMA म्हणजे साधी सरासरी, आणि सिग्नल लाईन म्हणजे केएसटीचीच 9 कॅण्डलची सरासरी:

```
KST = 1×SMA10(ROC10) + 2×SMA10(ROC15)
    + 3×SMA10(ROC20) + 4×SMA15(ROC30)
Signal = SMA9(KST)
```

चौथ्याचं वजन दहापैकी चार, आणि 30 कॅण्डलमधला बदल बहुतेक वेळा आकड्यानेही मोठा असतो. एका चालीने चढणाऱ्या किंवा उतरणाऱ्या शेअरमध्ये केएसटीचा अर्ध्याहून जास्त भाग या एकट्या चौथ्याचा असतो. बाकीचे तिघे विरोधात वळले तरी तो एकटा लाईन बराच वेळ धरून ठेवतो.

भाच्याच्या पावणेअकराचं कोडं इथेच सुटतं. समजा, एक शेअर काल दिवसभर 1000 रुपयांवर निपचित होता. आज तो 1 टक्का गॅपने 1010 वर उघडला आणि नंतर दिवसभर जागचा हलला नाही. 9:15 ला बाजार उघडतो, म्हणून पहिली कॅण्डल 9:20 ला बंद होते. त्या क्षणी चारही वेग 1 टक्का दाखवतात, केएसटी शून्यावरून उचलतो आणि सिग्नल लाईनच्या वर जातो. आली खरेदी. पुढे प्रत्येक कॅण्डलबरोबर सरासऱ्यांमध्ये हा 1 टक्का भरत जातो आणि लाईन चढत राहते, भाव मात्र 1010 च.

अकराव्या कॅण्डलपासून 10 चा वेग शून्य होतो, कारण दहा कॅण्डल आधीचा भावही आता 1010 असतो. सोळाव्यापासून 15 चा वेगही शून्य. 15 व्या कॅण्डलला, म्हणजे साडेदहाला, केएसटी 9.5 वर शिखर गाठतो आणि उतरू लागतो. 16 व्या कॅण्डलला तो 9.2 वर, सिग्नल 8.71 वर. 17 व्या कॅण्डलला केएसटी 8.90 आणि सिग्नल 8.93. झालं क्रॉसिंग. घड्याळात 10:40.

या एक तास वीस मिनिटांत भाव एक पैसाही खाली आलेला नाही. जुना 1000 चा भाव तुलनेतून बाहेर पडला, एवढ्यानेच लाईन वळली. गॅप अर्धा टक्का असो की तीन टक्के, सगळे आकडे त्याच प्रमाणात बदलतात, म्हणून या हिशेबात क्रॉसिंग 17 व्या कॅण्डललाच येतं. गॅप खाली असेल तर त्याच वेळी उलटं, खरेदीचं क्रॉसिंग. खऱ्या बाजारात भाव स्थिर नसतो आणि कालची हालचालही मिसळलेली असते, म्हणून वेळ थोडी पुढे-मागे होते. भाच्याचे तिन्ही दिवस मी चार्टवर उघडून पाहिले, तिन्ही गॅप अपचे होते.

गॅपचा हा अंश केएसटीमधून पूर्ण जायला 45 कॅण्डल लागतात, म्हणजे दुपारचा एक वाजतो. सिग्नल लाईन स्वच्छ व्हायला आणखी आठ, म्हणजे 1:40. दिवसाच्या 75 कॅण्डलपैकी 53 तिथेच संपतात. म्हणून मोठ्या गॅपच्या दिवशी पाच मिनिटांच्या चार्टवरचं सकाळचं क्रॉसिंग मी मोजतच नाही. आपला सिग्नल यातला आहे का, हे ओळखणं सोपं आहे: क्रॉसिंगच्या कॅण्डलपासून 10, 15, 20, 30 कॅण्डल मागे बोट ठेवून जा. बोट गॅपच्या अलीकडे-पलीकडे पडत असेल, तर लाईन आजच्या भावाने वळली की कालचा भाव गळून पडल्याने, हे तपासायला हवं.

शून्याखालच्या क्रॉसिंगला मी सर्वांत जास्त घाबरतो, कारण त्यात लोक रोजच्या चार्टवर मोठी रक्कम घालतात. चोर्ला घाट उतरणारी गाडी आठवा. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की वेग कमी होतो, पण गाडी खालीच चाललेली असते. केएसटी वेग मोजतो, आणि सिग्नलच्या वर जाणं म्हणजे वेग आपल्या नऊ दिवसांच्या सरासरीपेक्षा सुधारला, एवढंच.

आकड्यांत सांगतो. एक शेअर बरेच दिवस रोज 0.4 टक्क्याने पडतोय, तेव्हा केएसटी उणे 84 च्या आसपास स्थिर असतो. 400 रुपयांवर आल्यावर तो रोज 0.2 टक्क्याने पडू लागला. पडणं थांबलेलं नाही, मंदावलंय. पहिल्याच दिवशी केएसटी सिग्नलच्या वर जातो, शून्याच्या खूप खाली असतानाच. पुढचे 44 दिवस तो चढत उणे 43 पर्यंत येतो आणि एकदाही सिग्नलच्या खाली जात नाही. त्या 44 दिवसांत शेअर मात्र रोज पडून 366 वर आलेला असतो. डोळे झाकून घेणाऱ्याचे साधारण साडेआठ टक्के गेले, आणि चार्ट अजून ‘खरेदी’च म्हणतोय.

म्हणून शून्याखालचं क्रॉसिंग दिसलं की मी आधी भावाकडे बघतो. मागच्या उसळीचं शिखर ओलांडून तो बंद झाला का? झाला नसेल तर मंदावलेली घसरण आणि तळ यांत फरक करायला केएसटीकडे काही साधन नाही. दुसरं, मासिक चार्टवरचा लांब पल्ल्याचा केएसटी बघतो. त्याचे वेग 9, 12, 18 आणि 24 महिन्यांचे असतात. प्रिंग यांनी अल्प, मध्यम आणि दीर्घ असे वेगवेगळे केएसटी एकत्र वाचायला मांडले होते. मासिक लाईन अजून खाली वळलेली असेल, तर रोजच्या चार्टवरच्या खरेदीच्या क्रॉसिंगवर मी पैसे लावत नाही.

भाच्याला मी पहिल्या कॅण्डलपासून 53 व्यापर्यंतचा हा हिशेब एक्सेलमध्ये करून पाठवला आहे. स्तंभ सातच: भाव, चार वेग, केएसटी आणि सिग्नल. गॅपच्या रकान्यात आकडा बदलला की 10:40 चं क्रॉसिंग तिथेच राहतं, हे त्याने स्वतः करून पाहिलं.